आटलेल्या कासेची राखण

तिगावात जुलैमध्ये कोठ्याबाहेर काळ्या मातीचा चिखल असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत पोळ्याच्या सुमारास विणारी गाय आटवायला येते. १० डिसेंबरला भरलेली गाय २८० दिवसांच्या हिशेबाने १६ सप्टेंबरच्या आसपास विणार. त्याआधी दोन महिने, म्हणजे जुलैच्या मध्याला तिचं दूध बंद व्हायला हवं. दूध थांबलं की आपलं लक्षही थांबतं, ढेप कमी होते, गाय कोपऱ्यात जाते. दगडी मात्र पुष्कळदा इथेच शिरते आणि व्याल्यावर दिसते.

सडाच्या टोकाला बारीक छिद्र असतं. रोजच्या धारेनंतर ते मिटायला साधारण अर्धा तास लागतो. म्हणून धार झाली, वासराचं चोखून झालं की चारही सड अर्धा टक्का पोव्हिडोन आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि पुढ्यात कुटार टाकायचं, म्हणजे गाय खात उभी राहते, चिखलात बसत नाही. फवारा मारून भागत नाही. पुढची बाजू भिजते, मागची कोरडी राहते.

आटताना हे छिद्र शरीरच मेणासारख्या बुचाने बंद करतं, पण ते तयार व्हायला दिवस लागतात. काही सडांत ते उशिरा होतं, काहींत धड होतच नाही. त्यासाठी शेवटची धार पूर्ण काढून डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रत्येक सडात आटवणीची स्वतंत्र ट्यूब सोडतात. आधी स्पिरिटच्या बोळ्याने टोक पुसायचं: पलीकडचे सड आधी, अलीकडचे नंतर. ट्यूब सोडताना क्रम उलटा, म्हणजे पुसलेल्या सडाला बाही लागत नाही. नळी टोकाशी जराशीच घालायची. खोल खुपसली तर बाहेरची घाण आत जाते. मग सड बुडवायचे आणि तारीख भिंतीवर लिहायची. गाय वेळेआधी व्याली तर औषध दुधात उतरतं, तेव्हा ही तारीखच कामी येते.

पुढचे तीन-चार दिवस कास फुगते. घरातलं कुणीतरी म्हणतंच, "बिचारीला हलकं करा." करू नये. पिळलं की दूध पुन्हा उतरतं आणि बूच मोडतं. दहा दिवसांत कास आपोआप ओसरते. एकच सड गरम, कडक लागला, गायीने चारा सोडला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

विण्याआधीचे दोन आठवडे पुन्हा धोक्याचे, कारण बूच सैल होऊ लागतं. तेव्हा जागा कोरडी ठेवून रोज सड बुडवावेत.

व्याल्यावर चिकाची परीक्षा घेऊ नये, ती फसवते. पाच-सहा दिवसांनी शंभर मिली पाण्यात तीन ग्रॅम कपड्यांची पावडर विरघळवून प्रत्येक सडाच्या दुधात वेगळ्या वाटीत तेवढंच मिसळावं. चारांतली एकच वाटी बुळबुळीत झाली, तर त्या सडाचं दूध वेगळं काढून डॉक्टरांना दाखवावं. दूध वरून पांढरंशुभ्र दिसलं तरी.