वरच्या मजल्यावरचा तत्कार

फ्लॅटमधली एखादी खोली कथकच्या रियाजासाठी मोकळी करायची ठरली, की घरात आधी चर्चा होते ती भिंतभर आरशाची आणि भिंतींना लावायच्या फोमची. जमिनीचा विचार कोणी करत नाही. बिल्डरने बसवलेली टाइल आहे तशी राहते. माझ्या मते सुरुवात जमिनीपासूनच व्हायला हवी, कारण कथकमध्ये जमीन हे वाद्य आहे. तत्कारात अनवाणी तळवा सपाट पडतो. त्या आघातातला काही भाग नाद होऊन कानाशी येतो, काही घोट्यातून गुडघ्यात चढतो आणि उरलेला स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो. खोली आखायची म्हणजे या तीन वाटा सांभाळायच्या.

काँक्रीटला चिकटलेली टाइल तसूभरही दबत नाही, म्हणून पोटरी आणि गुडघे लवकर बोलू लागतात. त्यावर जाड रबराची चटई टाकली तर पायांना आराम पडतो, पण नाद मरतो आणि चक्कर घेताना तळवा चिकटून गुडघा पिळवटतो. यातला मधला मार्ग म्हणजे तरंगती लाकडी जमीन.

१० बाय १२ फुटांची खोली धरू. टाइलवर फूटभर अंतराने रबराचे छोटे तुकडे, त्यांवर फुटाफुटावर लाकडी पट्ट्या आणि पट्ट्यांवर १२ मिलिमीटर प्लायचे दोन थर. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत. एका थराला ८ बाय ४ च्या चार शीट लागतात. सगळं मिळून वजन साधारण अडीचशे किलो, म्हणजे चौरस मीटरला पंचवीस किलोच्या आत. घरांचे स्लॅब चौरस मीटरला दोनशे किलोचा वापरभार धरून आखतात, त्यामुळे सुस्थितीतल्या इमारतीत ही चिंता नको. पट्ट्यांमधली पोकळी मात्र रॉकवूलने भरावी. ती रिकामी राहिली तर प्रत्येक पाय ढोलासारखा घुमतो आणि हलका आघात कुठला, जोराचा कुठला, हे नाचणारीलाच कळेनासं होतं. वरून गुळगुळीत पॉलिश नको, मॅट फिनिश हवं.

हे काम बिघडतं ते सुताराच्या चांगुलपणामुळे. जमीन हलू नये म्हणून तो एखादा लांब स्क्रू थेट स्लॅबमध्ये उतरवतो, किंवा प्लाय भिंतीला घट्ट भिडवतो. मग रबराला वळसा घालून धमक सरळ काँक्रीटमध्ये जाते. चारही बाजूंनी बोटभर फट सोडायची आणि ती झाकणारी स्कर्टिंग फक्त भिंतीला ठोकायची. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हाही हीच फट कामाला येते. चूक शोधायची तर एकाने तत्कार करावा आणि दुसऱ्याने खालच्या घरात उभं राहावं. एका कोपऱ्यातच धमक जास्त येत असेल, तर जोड तिथेच कुठेतरी आहे.

फोमकडून लोक भलतीच अपेक्षा ठेवतात. तो खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज बाहेर जाणं फारसं थांबवत नाही. तबला आणि घुंगरू बाहेर पडतात ते दाराखालच्या फटीतून. दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा उघडी असेल, तर दार कितीही जाड केलं तरी ते वीसेक डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. दाराखालची अर्ध्या इंचाची फटही त्याच्या निम्म्याहून जास्त भरते. म्हणून आधी दाराला रबरी पट्टी, मग बाकीचं.

आरसा एकाच भिंतीला पुरे. सहा मिलिमीटरची काच चौरस मीटरला पंधरा किलो भरते, तेव्हा मागे वॉटरप्रूफ प्लाय हवा. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन वापरावं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मागचा चकाकता थर खातं आणि काळे डाग पडतात. पण आरसा डोळ्याला मदत करताना कानाला फसवतो. काच घुंगरांचा झणकार जसाच्या तसा परत फेकते, आणि दोन मात्रांमधली अस्वच्छता त्या चमकेत झाकली जाते. त्यावर आरशासमोर चुण्यांचा जाड पडदा हा उत्तम उपाय. अंगाची रेषा तपासताना तो उघडायचा, तत्काराच्या वेळी ओढायचा. पडदा ओढला की झणकार शोषला जातो, आणि नजरही आपल्याच प्रतिमेवर खिळून राहत नाही. रंगमंचावर तरी समोर आरसा कुठे असतो?

एवढं करूनही खालच्या घरातली धमक कमी होते, संपत नाही. स्लॅबमधली कमी वारंवारतेची कंपनं हलक्या जमिनीला पुरती जुमानत नाहीत. म्हणून खर्चाची यादी करताना शेजाऱ्यांशी ठरवलेली वेळही त्यात धरावी. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर जमीन करावी. आरसा नंतर लावता येतो, झिजलेला गुडघा पुन्हा बसवून घेणं तितकं सोपं नाही.