खोलीत न आलेलं ऊन

कवडसा हा शब्द तुम्ही शेवटचा कधी वापरलात? आखातात ऊन मुबलक, पण ते घरात झिरपत नाही. काचेवर आदळतं नाहीतर जाड पडद्याआड अडवलं जातं. कौलाच्या फटीतून सारवलेल्या जमिनीवर पडणारा तो गोल ठिपका शारजात आल्यापासून मी जवळजवळ विसरलोच होतो. तो आठवला एका फोटोमुळे. तो फोटो मी सजवला होता की बिघडवला होता, हे तुम्हीच ठरवा.

फोटोग्राफी माझा शुक्रवार-शनिवारचा छंद. आमच्या ओळखीच्या एक वहिनी गणपतीत उकडीचे मोदक करून देतात, त्यांनी मोदकांचा फोटो काढून मागितला. टेबल साधं, मागे कोरी भिंत, वर ट्यूबलाइट. मोदक सुरेख होते, पण फोटोत ते दवाखान्यात ठेवल्यासारखे दिसत होते. मग हल्ली सगळेच करतात तेच मी केलं. झावळीच्या सावलीचं तयार चित्र फोटोवर वेगळा थर म्हणून ठेवलं, ब्लेंड मोड Multiply केला आणि थराची तीव्रता 35 टक्क्यांवर आणली. दोन मिनिटांचं काम. वहिनी खूश, गिऱ्हाइकं खूश.

पण नीट बघितलं तर त्यात एक चूक होती. Multiply फक्त काळोख घालतं. ट्यूबलाइटखालच्या त्या फोटोत थेट ऊन मुळात नव्हतंच, म्हणजे सगळा फोटो आधीच सावलीत होता. सावलीवर सावली टाकली की भिंत मळकट दिसते, उन्हाची दिसत नाही. खरं करायचं तर उलटं करावं लागतं. मूळ फोटो हीच सावली समजायची, Curves वापरून त्याची एक बरीच उजळ आणि किंचित पिवळसर प्रत करायची आणि मास्क लावून ती फक्त पानांच्या फटींएवढी उघडायची. थोडक्यात, सावली टाकायची नसते, ऊन टाकायचं असतं. हे वाक्य पुढे माझ्याच अंगाशी आलं.

काही महिन्यांनी एका मित्राला त्याची खोली दुसऱ्या कुणाला तरी द्यायची होती. चौथा मजला, पांढरी भिंत, एक खिडकी, आणि ती खिडकी दोन इमारतींमधल्या डक्टमध्ये उघडणारी. "भिंतीवर जरा ब्लाइंड्सचं ऊन टाक रे, मोदकांसारखं," तो म्हणाला. मी टाकलं. यावेळी नीट, उजळ प्रत करून टाकलं. तिरपे, सोनेरी पट्टे. खोली एकदम सकाळची वाटायला लागली.

आता त्या पट्ट्यांमध्ये खोटं काय होतं, ते सांगतो. सूर्य हा बिंदू नाही, आपल्याला तो साधारण अर्ध्या अंशाची थाळी म्हणून दिसतो. त्यामुळे कुठल्याही सावलीची कड, ती वस्तू भिंतीपासून जितकी दूर त्याच्या सुमारे 110व्या भागाइतकी पुसट होते. हात भिंतीपासून वीतभर अंतरावर धरा, सावली रेखीव दिसेल. तीन मीटर मागे जा, कड जवळजवळ तीन सेंटीमीटर विरघळलेली असेल. घरातल्या नेहमीच्या ब्लाइंड्सच्या पट्ट्या अडीच सेंटीमीटरच्या आसपास असतात. म्हणजे खिडकीच्या चौकटीवर किंवा हाताच्या अंतरावरच्या टेबलावर पट्टे छान उमटतील, पण खोलीपलीकडच्या भिंतीवर पोचेपर्यंत ते एकमेकांत मिसळून नुसता उजेड उरेल. माझे पट्टे मात्र चार मीटरवरच्या भिंतीवर सुरीनं कापल्यासारखे होते. शिवाय ते कपाटाच्या कडेवरून न मोडता सरळ गेले होते आणि खुर्चीची सावली अजून ट्यूबलाइटचीच, पायाखाली पसरट, पडलेली होती. सिनेमात असे रेखीव पट्टे दिसतात, पण ते बहुधा लांब ठेवलेल्या लहानशा दिव्याचे असतात.

कवडसा गोल का असतो, याचंही उत्तर ह्याच अर्ध्या अंशात आहे. कौलाची फट वेडीवाकडी असते, पण लहान असते आणि जमीन खूप खाली असते, म्हणून जमिनीवर फटीचा नाही तर सूर्याचाच आकार उमटतो. झाडाखालच्या ठिपक्यांचंही तेच. 21 जून 2020 च्या सकाळी अमिरातीतून खंडग्रास ग्रहण दिसत होतं. तेव्हा तुमच्यापैकी कुणी झाडाखाली उभं राहून जमिनीकडे पाहिलं असेल, तर प्रत्येक कवडशाची चंद्रकोर झालेली दिसली असेल. तयार मिळणाऱ्या सावल्यांच्या चित्रांत हे गोल क्वचितच सापडतात.

तुम्ही म्हणाल, उजेड रचणं हे पाप आहे का? अजिबात नाही. अबूधाबीच्या सादियात बेटावरचं लूव्र संग्रहालय 2017 मध्ये उघडलं. ज्याँ नुव्हेल या वास्तुकारानं त्यावर 180 मीटर व्यासाचा घुमट घातला आहे. ताऱ्यांच्या आकाराच्या जाळीचे एकावर एक आठ थर. झावळ्यांच्या छपरातून गळणाऱ्या उन्हावरून त्याला ही कल्पना सुचली. खाली पांढऱ्या भिंतींवर जे ठिपके सरकतात ते पूर्णपणे माणसानं योजलेले आहेत, पण ऊन खरं आहे. पाच मिनिटं थांबलात तर ठिपका हललेला दिसतो आणि संध्याकाळी तो नाहीसा होतो. मोदकांच्या फोटोतलं ऊन खोटंच होतं, तरी ते मला फारसं टोचत नाही, कारण गिऱ्हाईक मोदक घेतं, ऊन घेत नाही. (सावली ताटलीच्या टवक्यावर नेमकी बेतून टाकली असती, तर मात्र गोष्ट वेगळी.) खोली घेणारा माणूस ऊनही घेत असतो. बाजूची खोली सोडून तो ही निवडतो, तेव्हा त्या पट्ट्यांचंही वजन तराजूत पडलेलं असतं.

मित्राचं म्हणणं असं की खोली तीच, मापं तीच, भाडं तेच, मग फसवलं कशात? त्याला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. खरं तर माझ्याकडे ते नव्हतं.

खोली एका साताऱ्याच्या मुलानं घेतली. पहिलीच नोकरी, फोटोवरूनच ठरवली, कारण इथे येऊन बघणं त्याला शक्यच नव्हतं. महिन्याभरानं त्याच्याकडे गेलो. खिडकीत प्लॅस्टिकच्या कुंडीत तुळस होती, पिवळी पडलेली, लांबुडकी, काचेकडे मान काढून वाकलेली. "काका, इथं ऊन नेमकं कधी येतं हो?" त्यानं विचारलं. "मी सुट्टीच्या दिवशी सकाळी सहापासून बघितलं. फोटोत तर एवढं होतं. डिसेंबरात येतं का?"

प्रश्न बावळट नव्हता. दुबई-शारजात 21 जूनला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि खिडकीत शिरत नाही. डिसेंबरात तो दुपारीही जेमतेम 41 अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून आत खोलवर येतो. म्हणजे 'हो, डिसेंबरात येतं' असं सांगून मला सुटता आलं असतं, आणि त्यानं विश्वास ठेवला असता. पण त्या डक्टच्या तळाशी ना जून येतो ना डिसेंबर.

मी खरं सांगितलं. तो गप्प बसला, मग फोनवर तो जुना फोटो काढून बराच वेळ बघत राहिला. "पण पट्टे लई भारी जमलेत," तो शेवटी म्हणाला. त्यात राग होता की नाही, मला अजून कळलेलं नाही. तुळस मी माझ्या बाल्कनीत आणली आहे. शनिवारी तो तिला पाणी घालायला येतो.