मागच्या सीटवरचा माणूस

आरटीओच्या मैदानावर दुचाकीच्या परीक्षेला आठाचा आकडा काढायला लावतात. पाय न टेकता, रेषा न ओलांडता आठ पूर्ण केला की मुलगा पास होतो. या परीक्षेत कळतं ते इतकंच, की कमी वेगात त्याला तोल सांभाळता येतो. त्यानंतर महिना-दोन महिन्यांत क्लच, गिअर, ब्रेक त्याच्या हातापायांत बसतात आणि विचार न करता गाडी चालू लागते. ‘आता मला गाडी येते’ असं त्याला मनापासून वाटतं. त्यात खोटं काही नसतं. गाडी त्याला खरोखरच येते, रस्ता मात्र अजून यायचा असतो आणि त्याला काही वर्षं लागतात.

अमेरिकेत मोरंट आणि रॉकवेल या संशोधकांनी 1972 साली नवख्या आणि अनुभवी चालकांची नजर कुठे फिरते ते मोजलं होतं. नवख्यांची नजर गाडीच्या पुढ्यातल्या थोड्याशा रस्त्यावर खिळलेली होती आणि आरशांकडेही ती कमी वेळा जात होती. अनुभवी चालक लांबवर पाहत होते. हे आपल्या रस्त्यावर आणून पाहा. थांब्यावर एसटी उभी आहे. जुना चालक एसटीच्या पुढच्या बाजूने कुणीतरी धावत येईल हे धरून आधीच वेग उतरवतो. नवख्याला फक्त मोकळी उजवी बाजू दिसते. रात्री उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नसेल, दूधवाला उलट्या बाजूने येत असेल, हे त्याच्या मनातच येत नाही. आपण काय पाहिलं नाही, हे कळायलाही अनुभव लागतो. तोच त्याच्याजवळ नसतो.

अशा वेळी बहुतेकदा दुसरंच कुणीतरी त्याला वाचवतं. रिक्षावाला करकचून ब्रेक मारतो, म्हातारी बाई पाऊल मागे घेते, ट्रकवाला कडेला घेतो. मुलगा सुखरूप पुढे जातो आणि मागच्या मित्राला म्हणतो, ‘कसला कट मारला बघितलास?’ दुसऱ्याच्या सावधपणाने टळलेला अपघात त्याच्या कौशल्याच्या खात्यात जमा होतो. चूक केल्यावर लगेच शिक्षा झाली असती तर तो शिकला असता. रस्ता शंभर वेळा सोडून देतो, म्हणून आत्मविश्वास वाढत जातो आणि समज तिथेच राहते.

यावर अनेक पालक उपाय सांगतात की मुलांना चांगलं शिकवा, कठीण प्रसंगात गाडी सावरायला शिकवा. उपाय बरोबर वाटतो, पण स्वीडनमधला, 1996 साली प्रसिद्ध झालेला ग्रेगरसेन यांचा एक प्रयोग मला थांबून विचार करायला लावतो. शिकाऊ चालकांचे दोन गट केले. एका गटाला निसरड्या रस्त्यावर ब्रेक लावून अडथळा टाळण्याचं कौशल्य शिकवलं. दुसऱ्याला त्याच रस्त्यावर, असं कौशल्य ऐन वेळी किती तोकडं पडतं याचा अनुभव दिला. नंतर दोघांची परीक्षा घेतली, तेव्हा प्रत्यक्ष कौशल्यात फरक आढळला नाही. फरक होता तो स्वतःविषयीच्या अंदाजात. कौशल्य शिकलेला गट स्वतःला जास्त तरबेज समजत होता.

तरबेज असण्याने किती फरक पडतो, याचा साधा हिशेब करून पाहू. दोन मित्र आहेत, दोघांच्या गाड्या सारख्या, ब्रेक उत्तम, रस्ता कोरडा. एकाचा वेग ताशी 60 किलोमीटर, दुसऱ्याचा 80. 45 मीटर पुढे एक मूल रस्त्यावर धावत येतं. दिसणं, कळणं आणि ब्रेक लागणं यात दोघांचाही दीड सेकंद जातो. 60 ने जाणारा तेवढ्यात 25 मीटर पुढे गेलेला असतो, उरलेल्या 20 मीटरमध्ये ब्रेक लावून तो मुलाच्या जेमतेम अलीकडे थांबतो. 80 वाल्याचे 33 मीटर ब्रेक लागण्याआधीच संपतात. उरलेल्या 12 मीटरमध्ये पूर्ण ताकदीने ब्रेक लावूनही मुलापाशी पोचताना त्याचा वेग ताशी 65 च्या आसपास असतो. म्हणजे पहिला थांबतो तिथे दुसरा, पहिल्याच्या मूळ वेगाहूनही जास्त वेगाने धडकतो. दोघांच्या हातातलं कौशल्य सारखंच होतं. ब्रेक लावण्याची वेळ आली तेव्हा निकाल लागून गेला होता.

मग तो 80 ने का जात होता? एकटा असता तर कदाचित गेलाही नसता. अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किशोरवयीन मुलं, तरुण आणि प्रौढ यांना संगणकावर गाडी चालवायला दिली. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की निसटायचं, हे त्यांनी ठरवायचं. शेजारच्या खोलीतून मित्र पाहत आहेत हे कळताच किशोरांनी जास्त धोका पत्करला, प्रौढांमध्ये तसा फरक पडला नाही. मेंदूच्या चित्रणात दिसलं, की मित्र पाहत असताना किशोरांच्या मेंदूतला बक्षिसाची चाहूल घेणारा भाग अधिक चाळवला जात होता. धोका त्यांना कळत होता, पण मित्रांच्या नजरेमुळे धोक्यातला आनंद वाढत होता.

म्हणूनच मला वाटतं, की वेगाची जबाबदारी फक्त हँडल धरणाऱ्यावर टाकून आपण अर्धाच न्याय करतो. ‘ओढ की जरा’, ‘तो बघ पुढे गेला’, ‘घाबरलास काय?’ ही वाक्यं मागच्या सीटवरून येतात. मागे बसून मोबाइलवर स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढणारा हातही त्या वेगाचा भागीदार आहे. आणि जो घाबरून गप्प बसतो, त्याचं मौनही पुढच्याला संमती वाटते, कारण आरशात भीती दिसत नाही.

याची दुसरी बाजू आशेची आहे. अमेरिकेतल्याच आणखी एका प्रयोगात किशोर मुलांच्या शेजारी एक अनोळखी तरुण बसवला. आधीच्या सहज बोलण्यातून काहींना तो धोका पत्करणारा वाटेल आणि काहींना जपून चालवणारा, अशी योजना होती. धोका पत्करणाऱ्याच्या तुलनेत जपून चालवणारा शेजारी असताना मुलांनी लाल सिग्नल कमी वेळा तोडले. उपदेश कुणी केला नव्हता. आपल्या शेजारी बसलेल्याला काय आवडतं, एवढंच मुलांनी ओळखलं होतं.

न्यूझीलंडने 1987 पासून नवख्या चालकांना टप्प्याटप्प्याने परवाना द्यायला सुरुवात केली. मधल्या टप्प्यात रात्री उशिरा एकट्याने गाडी चालवायला आणि मित्रांना बसवायला बंदी असते. आपल्याकडे शिकाऊ परवान्याचे 30 दिवस संपले आणि परीक्षा पास होऊन परवाना मिळाला, की त्याच रात्री मित्राला बसवून महामार्गावर जायला कायद्याची आडकाठी नाही. ती बंदी घरात घालावी लागेल. गाडीची किल्ली देताना पहिलं वर्षभर रात्री मित्रांसोबत गाडी न्यायची नाही, असा नियम आईवडिलांनी करावा आणि मुलाच्या रागाला न जुमानता पाळावा.

आणि मागच्या सीटवर बसणाऱ्या प्रत्येक तरुण वाचकाला माझी विनंती आहे. काटा वर जाऊ लागला की मित्राच्या खांद्यावर हात ठेव आणि म्हण, ‘हळू घे, नाहीतर मला इथेच उतरव.’ तो ऐकणार नसेल तर खरंच उतर आणि रिक्षाने घरी जा.