शेतसारा भरला, मग उश्र कशाला?

शंका : तळीयेच्या डोंगरउतारावर आमची भातखाचरं आहेत. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई. दरवर्षी तलाठ्याकडे शेतसारा भरतो. गावात एकजण म्हणाले, "सारा म्हणजेच खराज. एका जमिनीवर दोन कर नसतात, उश्र माफ आहे." हे खरं का? २०२१ च्या जुलैत दरडीखाली एक खाचर गेलं, त्याचं काय?

समाधान : त्या गृहस्थांनी सांगितलेला नियम खोटा नाही, पण तो हनफींचा आहे आणि खराजी जमिनीपुरताच आहे. त्याचं मूळ इराकात सापडतं. तिथली सुपीक जमीन, सवाद, जिंकल्यावर सैनिकांनी ती वाटून मागितली. हजरत उमर (रजि.) यांनी नकार दिला. आज वाटून टाकली तर पुढच्या पिढ्यांना आणि सरहद्दीवरच्या फौजेला काय उरेल, असा त्यांचा सवाल होता. सूरह हश्रचा आधार घेऊन त्यांनी जमीन कसणाऱ्यांच्याच हाती ठेवली, उस्मान बिन हुनैफ यांच्याकडून मोजून घेतली आणि दर जरीबमागे ठरावीक खराज लावला. तो भार जमिनीवर होता. जमीन मुद्दाम पडीक ठेवली तरी हनफी मतानुसार तो द्यावा लागे. याउलट, ज्या जमिनीचे मालक स्वतःहून मुसलमान झाले, ती उश्री ठरली.

इमाम शाफई यांच्या मते सैनिकांनी राजीखुशीने हक्क सोडला आणि सवाद वक्फ झाली, म्हणून खराज हे तिचं भाडं. उश्र मात्र पिकाची जकात. कारणं वेगळी असल्यामुळे एकाने दुसरं फिटत नाही. खऱ्याखुऱ्या खराजी जमिनीवरही शाफई शेतकरी दोन्ही देतो. मग तुमचा शेतसारा तर आजच्या सरकारचा साधा कर आहे. तो भरून उश्र कसा माफ होईल?

आता हिशेब. धान्याचा निसाब पाच वसक, म्हणजे सुमारे ६५० किलो. पण भात सालीसकट साठवतात, म्हणून आपल्या मजहबात त्याला दहा वसक, सुमारे १३०० किलो लागतात. झोडून, वाळवून, उफणून १५०० किलो भात भरलं आणि ते निव्वळ पावसावर पिकलं असेल, तर १५० किलो द्या. पंपाच्या खर्चावर घेतलेलं तेवढंच उन्हाळी भात असेल तर ७५. लावणीची, कापणीची मजुरी आधी वजा करू नका. इथेच बहुतेकांची चूक होते. पाण्याचा खर्च तर विसाव्या हिश्श्यातच धरला आहे.

दरडीच्या खाचरावर काहीच देणं नाही. जुलैत दाणा भरलेला नसतो आणि उश्र दाणा पक्व झाल्यावरच लागू होतो. पुढे कधी तयार पीक, देण्याची संधी मिळण्याआधी, तुमच्या हयगयीशिवाय वाहून गेलं, तरी गेलेल्याचा उश्र माफच. नुकसानभरपाईची रक्कम हे पीक नव्हे. तिच्यावर उश्र नाही. ती निसाबाएवढी वर्षभर शिल्लक राहिली, तर तिची चाळिसावा हिस्सा जकात निघेल.