स्वप्नातल्या खुनाचा जाब

सिराक्यूजचा जुलमी राजा डायोनिसियस याच्या पदरी मार्सियस नावाचा एक सरदार होता. राजानेच त्याला वर आणलं होतं. एका रात्री मार्सियसला स्वप्न पडलं, की आपण राजाचा गळा चिरतो आहोत. ही गोष्ट राजाच्या कानावर गेली आणि त्याने मार्सियसला ठार केलं. दिवसा मनात आल्याशिवाय असलं काही रात्री दिसायचं नाही, एवढा त्याचा युक्तिवाद. प्लुटार्कने नोंदवलेला हा प्रसंग ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातला आहे. पुढे 1748 साली माँतेस्क्यूने कायद्यावरच्या आपल्या ग्रंथात तो पुन्हा उचलला आणि त्याला उघड उघड जुलूम म्हटलं. मार्सियसच्या मनात खून आला असेलही, पण त्याने हात उचलला नव्हता, आणि कायद्याला शिक्षा करता येते ती कृतीला.

कायद्यापुरता प्रश्न इथे मिटला. मनापुरता तो अजून मिटलेला नाही. वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी एखादी सून कल्पनेत आणा. एका पहाटे तिला दिसतं, की आपण त्यांच्या तोंडावर उशी दाबून धरली आहे. ती दचकून उठते, शेजारच्या खोलीत जाऊन म्हातारीचा श्वास चालू असल्याची खात्री करते आणि मग दिवसभर कुणाच्या नजरेला नजर देत नाही. तिच्या मनातला डायोनिसियस जुनाच युक्तिवाद करत असतो: तुझ्या आत हे होतं, म्हणूनच दिसलं. या युक्तिवादाला उत्तर शोधण्याचा इतिहास मोठा आहे, आणि त्यातला बराच भाग आपल्या उपखंडात घडला आहे.

सर्वांत जुनं उत्तर भीतीचं होतं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाईट स्वप्नं घालवण्यासाठी एक सूक्त आहे. जागेपणी आणि झोपेत आमच्या हातून जे काही वावगं घडलं असेल ते अग्नीने आमच्यापासून दूर न्यावं, अशी त्यात प्रार्थना आहे. म्हणजे झोपेतला दोष हा दोषच, फक्त तो देवाकडून धुऊन घेता येतो. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकाला नेमकं उलट सांगतात. स्वप्नात पुरुष फिरतो, रमतो, पुण्य आणि पाप दोन्ही पाहतो आणि परत येतो, पण तिथे पाहिलेलं काहीच त्याच्या मागे येत नाही, कारण तो असंग आहे.

हे उत्तर फार उदात्त आहे, पण त्या सुनेला ते पुरेल असं मला वाटत नाही. ‘ते तुला चिकटत नाही’ असं सांगितल्यावर ती विचारेल, ‘मग मला माझीच सासू का दिसली? रस्त्यावरची कुणी अनोळखी बाई का नाही दिसली?’ स्वप्न आपलं नव्हेच असं म्हणून सुटका होत नाही. त्यातली माणसं, खोली, उशी सगळं आपल्याच आयुष्यातून आलेलं असतं.

या अडचणीला सरळ तोंड दिलं ते बौद्ध आचार्यांनी. भिक्षूने जाणूनबुजून वीर्यपात करणं हा विनयाच्या नियमांत गंभीर दोष होता. काही भिक्षूंना तो स्वप्नात झाला आणि त्यांच्या मनाला टोचणी लागली. बुद्धांनी दिलेला निर्णय विलक्षण आहे. स्वप्नात चेतना, म्हणजे हेतू, असतोच, हे त्यांनी नाकारलं नाही. पण तो हिशेबात धरण्याजोगा नसतो, असं म्हणून त्यांनी नियमातच ‘स्वप्न सोडून’ असा अपवाद घातला. बौद्ध धर्मात कर्माचं सगळं मोल हेतूवर ठरतं. अशा परंपरेत हेतू आहे हे मान्य करूनही तो दोषात मोजायचा नाही, ही साधी सवलत नव्हती.

त्यामुळे पुढे वाद झालाच. परंपरेने अशोकाच्या काळातला मानलेला ‘कथावत्थु’ हा पाली ग्रंथ संघातल्या मतभेदांची चर्चा करतो. त्यात एक पक्ष म्हणतो, की स्वप्नातलं चित्त चांगलंही नसतं आणि वाईटही नसतं. थेरवादी त्याला अडवतात: स्वप्नात माणूस प्राण्याची हत्या करतो, चोरी करतो, हे तुम्ही मानता ना? मग ते चित्त तटस्थ कसं? त्यावर दुसरा पक्ष बुद्धांच्या त्याच निर्णयाचा आधार घेतो. मला या वादात थेरवाद्यांचा प्रामाणिकपणा आवडतो. स्वप्नातल्या हत्येत द्वेष असेल तर त्याला द्वेषच म्हणायचं, मात्र तो द्वेष म्हणजे घडलेली हत्या नव्हे.

काही शतकांनी वसुबंधूंनी ‘विंशतिका’त याचं कारण सांगितलं. त्यांच्या मते आपण पाहतो ते सगळं चित्ताचंच रूप आहे. साहजिकच प्रतिपक्षाने विचारलं, की मग स्वप्नातला खून आणि जागेपणीचा खून यांचं फळ सारखं का नाही? वसुबंधूंचं उत्तर असं, की स्वप्नात चित्त झोपेने झाकोळलेलं असतं, म्हणून फळात फरक पडतो. खून करायचा तर आधी ‘नको’ म्हणण्याची शक्ती शाबूत हवी आणि ती बाजूला सारायला हवी. झोपेत बाजूला सारायला ती जागीच नसते.

इथे कुणाला राजा हरिश्चंद्र आठवेल. आपल्याकडे सांगितल्या जाणाऱ्या कथेत तो स्वप्नात दिलेलं राज्य जागेपणी विश्वामित्रांच्या हवाली करतो. स्वप्नातलं दान खरं, तर स्वप्नातला खून खोटा कसा? पण हरिश्चंद्राला आपण मानतो ते स्वप्नासाठी नव्हे. उठल्यावर, पूर्ण शुद्धीत, त्याने राज्य सोडलं. तसाच त्या सुनेचा हिशेबही ती उठून शेजारच्या खोलीत गेली तिथून मांडायला हवा.

युरोपात हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रॉइडने पुन्हा उघडला. त्याच्या स्वप्नमीमांसेच्या ग्रंथात जिवलग माणसांच्या मृत्यूच्या स्वप्नांवर मोठा भाग आहे. त्यातली एका रुग्णाची हकिकत मला या विषयात सर्वांत बोलकी वाटते. हा तरुण सुशिक्षित आणि नीतीच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. तरी त्याला घराबाहेर पडणं अशक्य झालं होतं, कारण रस्त्यात भेटेल त्याला आपण ठार करू अशी भीती त्याच्या मनात बसली होती. शहरात एखादा खून झालाच आणि आळ आपल्यावर आला, तर त्या वेळी आपण कुठे होतो याचे पुरावे जुळवण्यात त्याचा दिवस जाई. तपासात निघालं ते असं: वडील फार कडक होते आणि सातव्या वर्षी याच्या मनात त्यांना मारण्याचा विचार स्पष्टपणे येऊन गेला होता. तो वयाच्या एकतिसाव्या वर्षात असताना वडील वेदनामय आजाराने गेले आणि तेव्हापासून ही भीती सुरू झाली. जो स्वतःच्या बापाला डोंगराच्या कड्यावरून ढकलू इच्छितो, तो परक्यांच्या जिवाची काय पर्वा करणार, असा त्याच्या मनाने स्वतःवर निकाल दिला होता. मग त्याने स्वतःला खोलीत कोंडून घेतलं.

या माणसाने कुणालाही इजा केली नव्हती. त्याचं आयुष्य उद्ध्वस्त केलं ते इच्छेला कृतीच्या जागी बसवणाऱ्या त्या निकालाने. आजचे मानसशास्त्रज्ञ याला विचार आणि कृती यांची सरमिसळ म्हणतात, आणि मंत्रचळाच्या विकारात ती वारंवार दिसते. अशा माणसाला पुन्हा पुन्हा ‘तू चांगला आहेस’ अशी ग्वाही देऊन भागत नाही. ग्वाहीची तहान वाढतच जाते, आणि पुरावे जुळवण्याचा उद्योग फक्त दुसऱ्या माणसाच्या तोंडून चालू राहतो. इथे जाणकाराकडून नीट उपचार लागतात.

पुढे 1925 साली फ्रॉइडने स्वप्नांच्या नैतिक जबाबदारीवर एक छोटं टिपण लिहिलं. त्यात त्याने सोपी सुटका नाकारली. स्वप्न जर कुणा बाहेरच्या भुताने आणून दिलेलं नसेल, तर त्यातली वाईट ऊर्मी माझीच आहे, असं त्याने म्हटलं. मात्र कायद्याला आणि समाजाला लागणारी जबाबदारी जाग्या, भानावर असलेल्या ‘मी’पुरतीच राखावी लागते, हेही त्याने मान्य केलं. बुद्धांच्या निर्णयाच्या किती जवळ आला तो! ऊर्मी माझी आहे, पण ती माझं कृत्य नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झोपेच्या शास्त्राने या वादात शरीर आणलं. ठसठशीत स्वप्नं पडतात त्या टप्प्यात मेंदूचा तळाचा भाग स्नायूंना जवळजवळ लुळं करून ठेवतो. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला तो भाग निकामी केला, तेव्हा झोपलेली मांजरं उठून नसलेल्या भक्ष्यावर झडप घालू लागली. माणसातही स्नायूंवरचं हे कुलूप निकामी होऊ शकतं, हे 1986 साली अमेरिकेत मिनेसोटामध्ये शेंक आणि माहोवाल्ड यांनी मांडलं. असे रुग्ण बहुधा पन्नाशी उलटलेले पुरुष असतात. स्वप्नात हल्लेखोराशी झुंजताना ते शेजारी झोपलेल्या बायकोलाच ठोसे मारतात आणि जागे झाल्यावर हादरून जातात. 2005 साली इटलीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांची निरोगी लोकांशी तुलना केली. रुग्णांच्या स्वप्नांत मारामारी कितीतरी जास्त होती, पण त्यांच्या दिवसाच्या वागण्यातली आक्रमकता इतरांहून अधिक निघाली नाही. स्वप्नावरून माणूस ओळखता येतो असं मानणाऱ्या डायोनिसियसला याहून थेट उत्तर मला माहीत नाही.

आणि जिवलगांना मारण्याची स्वप्नं सोशिक माणसांनाही का छळतात, याचाही एक धागा हाती आला आहे. डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली केलेल्या प्रयोगात काही जणांना झोपण्यापूर्वी एका ठरावीक ओळखीच्या व्यक्तीचा विचार मनात येऊ न देण्यास सांगितलं होतं. नेमकी तीच व्यक्ती त्यांच्या स्वप्नांत जास्त आली. दिवसभर राग गिळणारी, ‘असं मनातसुद्धा आणू नये’ म्हणून स्वतःला दटावणारी सून रात्री तोच राग उशी होऊन आलेला पाहत असेल, तर त्यात तिच्या क्रौर्यापेक्षा तिच्या संयमाचा वाटा मोठा असू शकतो.

म्हणून काहीच पाहू नये असं नाही. झोपेत हातपाय खरोखर चालू लागले, शेजारच्याला मार बसू लागला, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. हा विकार पुढे पार्किन्सनसारख्या आजाराची आगाऊ खूण ठरू शकतो. आणि स्वप्नातली कल्पना दिवसा हवीहवीशी वाटू लागली, तिच्याभोवती वेळ, साधन, संधी यांचा विचार जमू लागला, तर तो भानावर असलेल्या मनाचा विचार झाला आणि त्याबद्दल लगेच कुणाशी तरी बोलायला हवं. बाकी वेळी स्वप्नाकडून घ्यायची माहिती साधी असते. त्या सुनेला कित्येक महिन्यांत सलग झोप मिळालेली नाही, दीर-नणंदा फोनवर चौकशी करून मोकळे होतात, आणि सासूबाईंच्या रात्रपाळ्या घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायची वेळ केव्हाच येऊन गेली आहे.