दोन वह्या कशाला?

काय चालवलं आहेस हे? टेबलावर दोन वह्या, दोन पुस्तकं आणि भिंतीवर दोन वेळापत्रकं. सकाळी कॉलेजात रोटेशनल डायनॅमिक्स बोर्डासाठी उतरवून घ्यायचं, संध्याकाळी क्लासला जाऊन तेच रोटेशनल डायनॅमिक्स सीईटीसाठी पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं, आणि वर मला सांगायचं, मॅडम, वेळच पुरत नाही. कसा पुरेल? एकच धडा तू दोनदा शिकतो आहेस, आणि दोन्ही वेळा अर्धवट.

सीईटीचे प्रश्न येतात कुठून, हे तरी एकदा बघायचं होतंस. आपल्या राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर ती परीक्षा असते. फिजिक्सच्या 50 प्रश्नांत साधारण 40 बारावीचे आणि 10 अकरावीचे. म्हणजे बोर्डाला जे पुस्तक तू वाचणारच आहेस, त्यातच तिथले बहुतेक गुण आहेत. प्रश्नांची काठिण्यपातळी वर असते, हे मला मान्य आहे. पण पातळी वर असते म्हणून धडा बदलत नाही.

तुझी बोर्डाची वही मी पाहिली. घरंगळणाऱ्या वस्तूच्या गतिज ऊर्जेचं डेरिव्हेशन सुंदर अक्षरात लिहिलं आहेस, शेवटच्या ओळीला चौकटही आहे. मग मी विचारलं, भरीव गोल घरंगळताना त्याच्या एकूण गतिज ऊर्जेपैकी फिरण्याची ऊर्जा किती? तू म्हणालास, हे सीईटीचं आहे, त्या वहीत असेल. तिथे मला राग आला. उत्तर त्याच चौकटीत आहे!

बघ इकडे. चौकटीत तू लिहिलं आहेस, E = ½Mv²(1 + K²/R²). कंसातला 1 हा पुढे सरकण्याचा वाटा, आणि K²/R² हा फिरण्याचा. भरीव गोलासाठी K²/R² = 2/5. मग फिरण्याचा वाटा 2/5 भागिले 7/5, म्हणजे 2/7. चकतीसाठी तोच 1/3, कड्यासाठी 1/2. यात पाठ करण्यासारखं काय आहे? आता एक पायरी पुढे ये. वस्तू h उंचीच्या उतारावरून स्थिर स्थितीतून सुटली, तर Mgh ही सगळी ऊर्जा या सूत्राबरोबर मांड. v² = 2gh/(1 + K²/R²) मिळतं. M गेला. R एकटा कुठेच उरला नाही. तेव्हा खाली आधी कोण पोहोचणार हे वजनावर ठरत नाही, आकारावर ठरतं: आधी भरीव गोल, मग चकती, शेवटी कडं. बोर्डाचं तीन गुणांचं डेरिव्हेशन आणि सीईटीचे निदान तीन प्रश्न एकाच पानावर झाले.

आणि तू गाळलेली ओळ कोणती, ते ऐक. ‘वस्तू न घसरता घरंगळते’, हे शब्द तुझ्या वहीत नाहीतच. तुला वाटलं, ते भरतीचं वाक्य आहे. अरे, v = Rω आपण लिहू शकतो ते त्याच अटीवर. घर्षण असूनही ऊर्जा वाया जात नाही, कारण स्पर्शबिंदू उतारावर घसरत नाही. सीईटी नेमकं इथेच पकडते: गुळगुळीत उतारावरून ठोकळा घसरला आणि तेवढ्याच उंचीवरून भरीव गोल न घसरता घरंगळत आला, तर वेगांचं गुणोत्तर काय? ठोकळ्याला कंस नाही, v² = 2gh. गोलाला 10gh/7. गुणोत्तर √7 : √5. ज्याने अट लिहिली आहे त्याला हे पानावरच दिसतं. तू मात्र क्लासच्या पुस्तकात ‘ट्रिक’ शोधत बसतोस.

म्हणून आजपासून एकच वही. डाव्या पानावर डेरिव्हेशन, गृहीतकांसह, पूर्ण, बोर्डाला लिहायचं तसं. समोरच्या उजव्या पानावर त्याच्या शेवटच्या ओळीतून काय काय निघतं ते: कशावर अवलंबून आहे, कशावर नाही, कोणती राशी दुप्पट केली तर काय होईल. धडा संपला की वही मिटून दहा पर्यायी प्रश्न सोडव. जो चुकेल त्याच्यासाठी डाव्या पानावरची नेमकी ओळ दाखवता आली पाहिजे. ओळ सापडली नाही, तर डेरिव्हेशन पाठ झालं आहे, समजलेलं नाही. ते पुन्हा कर. आणि पर्यायी प्रश्न बोर्डाला उपयोगाचे नाहीत, असं परत माझ्यासमोर म्हणू नकोस. बोर्डाच्या 70 गुणांच्या पेपरात पहिला प्रश्नच 10 गुणांचा पर्यायी असतो.

वेगळं काय करायचं, तेही सांगते. नाहीतर एका वहीच्या नावाखाली आळस करशील. बोर्डात सूत्र, किमती घालणं, एकक, आकृती, सगळं कागदावर दिसावं लागतं, आणि आकडेमोडीला लॉग टेबल चालतं. सीईटीत ते नाही, आणि फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही नाही. तेव्हा न्यूमेरिकल एकदा पूर्ण पायऱ्यांनी सोडव आणि शेवटची आकडेमोड दोनदा कर: एकदा लॉग टेबलने, एकदा अंदाजाने. π² जवळपास 10 धरायचा, वर्गमूळ दोन पूर्ण वर्गांच्या मध्ये पकडायचं, मग पर्यायांशी ताडून बघायचं. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

खरं जास्तीचं काम अकरावीचं आहे, आणि नेमकं त्याच्याकडे तू पाठ फिरवली आहेस. दिवाळीनंतर बघू, बोर्डानंतर बघू! बोर्डानंतर हाती राहतात ते थोडे आठवडे, ते वेळ लावून पूर्ण पेपर सोडवायला लागतात. अकरावीचे धडे वेगळे काढून ठेवूच नकोस, बारावीच्या धड्यांना जोडून टाक. वेव्ह ऑप्टिक्सच्या आधी अकरावीचं ऑप्टिक्स, सुपरपोझिशनच्या आधी साउंड, बारावीच्या इलेक्ट्रोस्टॅटिक्सच्या आधी अकरावीचं इलेक्ट्रोस्टॅटिक्स, सेमीकंडक्टरचं तसंच. वर्तुळाकार गती करतोच आहेस, तर ग्रॅव्हिटेशनमधला उपग्रहाचा वेग त्याच आठवड्यात होऊन जातो. ज्यांना जोडच नाही असे एक-दोन धडे रविवारी घे.

जानेवारीत सराव परीक्षेच्या सुमारास लिखाणाकडे झुकायचं, तीन तासांचे पेपर हाताने लिहायचे. तेव्हा उजवी पानं फक्त वाचायची. बोर्ड संपलं की उलट: डावं पान नजरेखालून घालायचं आणि घड्याळ लावून बसायचं.

क्लासच्या सरांना सांग, धडा परत ऐकायला बसणार नाही, फक्त टेस्टला येईन. तुझ्याने होत नसेल तर मी बोलते. आणि रोटेशनल डायनॅमिक्सचं ते पान उद्या पुन्हा लिहून आण, ‘न घसरता’ पासून.