चार बोटे आणि डिचोलीचा दिवा

पेडण्याहून डिचोली सरळ रेषेत साधारण बावीस किलोमीटर आहे. मधल्या टेकड्या क्षणभर बाजूला ठेवू आणि डिचोलीत एक दिवा जळतोय असे समजू. पेडण्यात बसून तो दिवा पाहायचा, मग डोके चार बोटे बाजूला सरकवायचे आणि पुन्हा पाहायचा. दिव्याची दिशा किती बदलली? एका अंशाच्या ३६०० विकला होतात. दिव्याची दिशा बदलली एका विकलेच्या जेमतेम पाऊण भागाने. पृथ्वी आणि सूर्य यांच्यातले पंधरा कोटी किलोमीटर त्या चार बोटांत मावले, तर मित्र हा तारा, म्हणजे आपल्या सूर्याचा सर्वांत जवळचा ठळक शेजारी, डिचोलीच्या त्या दिव्याइतका दूर येतो.

मित्र आमच्याकडून दिसतो. मेच्या शेवटी, आभाळ भरून यायच्या आधीची एखादी रात्र मिळाली, तर पेडण्याच्या सड्यावर पावणेअकराच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. क्षितिजापासून सव्वा मुठीवर एक तेजस्वी पिवळसर तारा दिसतो आणि त्याच्या उजवीकडे त्याचा जोडीदार मित्रक. हात लांब केला की मूठ दहा अंश झाकते. मित्र त्या सव्वा मुठीहून फारसा वर चढतच नाही. साडेतेरा अंशांच्या आतच तो माथा गाठतो आणि कलायला लागतो. या कमी उंचीचा मुद्दा पुढे येणार आहे.

अंतर काढण्याची युक्ती जुनीच आहे. नदीपलीकडचा एखादा माड मागच्या दूरच्या डोंगरावर कुठे टेकलेला दिसतो ते पाहायचे, काठाने दहा मीटर चालायचे आणि पुन्हा पाहायचे. माड करंगळीच्या रुंदीएवढा, म्हणजे एक अंश सरकला, तर तो दहा मीटरच्या ५७ पट, पावणेसहाशे मीटर लांब. या सरकण्यालाच पराशय म्हणतात आणि आपण चाललो त्या अंतराला पाया. आपल्या सिद्धांतकारांना तो चंद्राच्या बाबतीत चांगला ठाऊक होता. ग्रहणाची वेळ काढताना ते त्याला लंबन म्हणत आणि त्याचा हिशेब करत. पण त्यांच्या लंबनाचा पाया पृथ्वीच्या त्रिज्येएवढाच होता आणि ताऱ्यांसाठी तो कुठेच पुरत नाही. सूर्यसिद्धांताने नक्षत्रांची कक्षा सूर्याच्या कक्षेच्या साठपट धरली. ते अंतर कोणी कोन मोजून काढले नव्हते.

मोठा पाया मिळाला तो १५४३ साली, कोपर्निकसने पृथ्वी फिरवली तेव्हा. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांत आपण तीस कोटी किलोमीटर सरकतो, मग जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांपुढे हलताना दिसले पाहिजेत. ते दिसत नव्हते. टायको ब्राहे साधारण एका कलेपर्यंत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागापर्यंत कोन मोजत असे, आणि त्याला काहीही हललेले दिसले नाही. एक कला पराशय म्हणजे सूर्याच्या अंतराच्या ३४०० पट अंतर. तारे त्याहूनही दूर असावेत हे त्याला पटेना, म्हणून त्याने पृथ्वीच स्थिर मानली. मला त्याचा निष्कर्ष चुकीचा वाटतो, पण विचार प्रामाणिक वाटतो. हातात होते ते मोजमाप त्याने नाकारले नाही.

पुढची पायरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. १७२५च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये जेम्स ब्रॅडली जवळजवळ डोक्यावरून जाणाऱ्या एका ताऱ्यावर दुर्बीण रोखून बसला. तारा खरोखर हलला, दोन्ही बाजूंना वीस-वीस विकला, आणि वर्षभराने जागेवर परत आला. कोणीही पराशय सापडल्याची दवंडी पिटली असती. पण ब्रॅडलीने वेळ तपासली. पराशयाने तारा ज्या महिन्यात टोकाला असायला हवा, त्या महिन्यात तो मधोमध होता. सगळी हालचाल तीन महिन्यांनी चुकत होती. कारण वेगळेच निघाले. पाऊस सरळ पडत असला तरी चालताना छत्री पुढे कलवावी लागते, तशी धावत्या पृथ्वीवरून ताऱ्याच्या प्रकाशाची दिशा कललेली दिसते. पृथ्वी फिरते याचा पुरावा मिळाला, अंतर मात्र मिळाले नाही. ब्रॅडलीला एवढे सांगता आले की त्या ताऱ्याचा पराशय एक विकलाही नसावा.

मग मित्राकडे लक्ष गेले कसे? तो तेजस्वी आहे एवढ्यावरून नव्हे. केप ऑफ गुड होप इथल्या वेधशाळेत थॉमस हेंडरसनने १८३२-३३ मध्ये त्याचे वेध घेतले. सेंट हेलेना बेटावरून मॅन्युएल जॉन्सनने त्याला कळवले की हा तारा इतर ताऱ्यांच्या मानाने भराभर सरकतो आहे; आजच्या मोजणीने वर्षाला पावणेचार विकलांच्या आसपास. रस्त्यावरून जाणारी गाडी झरकन जाते आणि डोंगराखालची तीच गाडी रांगते. जो भराभर सरकतो तो जवळचा असण्याचा संभव जास्त. हेंडरसनचा आकडा १८३९च्या जानेवारीत जाहीर झाला: १.१६ विकला. तोवर बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय जाहीर केला होता आणि पहिलेपणाचा मान त्याला मिळाला.

आज मित्राचा पराशय ०.७५ विकला मानतात. त्रिज्येइतका कंस धरणाऱ्या कोनात २,०६,२६५ विकला असतात; त्यांना ०.७५ ने भागले की पावणेतीन लाख येतात. इतके पट सूर्याचे अंतर, म्हणजे प्रकाशाला चार वर्षे आणि साधारण चार महिने. हेंडरसनच्या आकड्याने हेच अंतर पावणेतीन प्रकाशवर्षे निघते. कोनातली चूक अर्ध्या विकलेहूनही कमी, तरी अंतरातून दीड प्रकाशवर्ष गळाले.

बेसेल सत्याच्या जास्त जवळ गेला, कारण त्याने मोजण्याची गोष्टच बदलली. तारा आकाशात किती उंच आहे हे विचारण्याऐवजी शेजारच्या दोन अंधुक ताऱ्यांपासून तो किती दूर आहे, एवढेच त्याने मोजले. हवेचा आणि पृथ्वीच्या धावण्याचा परिणाम शेजाऱ्यांवरही जवळपास तितकाच होतो, त्यामुळे तो वजाबाकीत निघून जातो.

याचे महत्त्व पेडण्यातून चांगले कळते. केपहून मित्र ६३ अंश वर चढतो. तिथे हवा त्याला अर्धी कला उचलून दाखवते. आमच्याकडे तेरा अंशांवर हीच उचल चार कलांच्या घरात जाते. हवा दहा अंशांनी गार झाली की तीच उचल सात-आठ विकलांनी वाढते. मित्राचे वर्षभरातले सगळे डोलणे, दोन्ही बाजूंचे मिळून, दीड विकलेचे. म्हणजे इथून कोणी उंची मोजून त्याचा पराशय काढू लागला, तर हाती येईल तो हिवाळ्या-पावसाळ्यातल्या हवेचा फरक, आणि तोही वर्षभराने आपल्या जागी परत येणारा, अगदी पराशयासारखा.

आणि टोकाच्या तारखाही आमच्या सोयीच्या नाहीत. मित्र एका टोकाला असतो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा तो पहाटे पाचनंतर दक्षिणेला माथ्यावर येतो आणि स्वच्छ दिसतो. दुसरे टोक ऑगस्टच्या उत्तरार्धात. तेव्हा अंधार पडेपर्यंत तो नैऋत्येकडे कलून आठ अंशांवर आलेला असतो, आणि त्या संध्याकाळी पेडण्यावर पावसाचे ढग असतात.